आपल्या प्रवचनांतून छोटे भाग काढण्याच्या परवानगीबाबत

ती. शास्त्रीबुवांस
सा. नमस्कार.

मी प्रसाद, मधल्या आळीतला, बापूंचा नातू. हा मजकूर वहिनींच्या फोनवर पाठवतो आहे. आपल्याला पडद्यावरचं बारीक वाचताना त्रास होतो, तेव्हा वहिनींनी सवडीने मोठ्याने वाचून दाखवावा ही त्यांनाही विनंती. मजकूर जरा लांबला आहे, पण अर्धवट सांगून परवानगी मागणं मला बरं वाटलं नाही.

घाटावरच्या देवळात चातुर्मासात आपली ज्ञानेश्वरीवर प्रवचनं होत, तेव्हा बापू पुढच्या खांबाशी टेपरेकॉर्डर मांडून बसत. १९९१ पासून १९९८ पर्यंतच्या अशा ६२ कॅसेट आमच्या घरी आहेत. दोन फितींना बुरशी लागून त्या गेल्या, बाकीच्या ६० मी संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. मूळ कॅसेट जशाच्या तशा डब्यात जपून ठेवल्या आहेत आणि संगणकावरचा पहिला उतारा कुणी हात न लावता वेगळा ठेवला आहे. पुढे जे काही करायचं ते त्याच्या नकलेवर.

विनंती अशी : या प्रवचनांतले एक ते तीन मिनिटांचे भाग काढून यूट्यूबवर ठेवण्याची परवानगी आपण द्यावी. ज्या प्रवचनातून भाग घेतला, ते संपूर्ण प्रवचनही त्याच जागी ठेवायला आपली हरकत नसावी. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत हे मला कळतं. पण पूर्ण प्रवचनाला आपला नकार असेल, तर तुकडेही नकोत असं माझं मत आहे. दोन मिनिटं ऐकून ज्याला मागचं-पुढचं ऐकावंसं वाटेल, त्याला ते तिथल्या तिथे मिळालं पाहिजे.

आत्ताच का, असं आपण विचाराल. आपल्याच आवाजातला एक तुकडा सध्या फोनवरून फिरतो आहे. तो कुठून निघाला माहीत नाही, बापूंच्या फितींतला नाही. त्यावर आपलं नाव नाही, फोटो दुसऱ्याच कुणा कीर्तनकारांचा आहे आणि आवाजाखाली बासरी वाजते. वाक्य अर्ध्यावर तुटतं. आपला आवाज ओळखणाऱ्यांना ते समजतं, बाकीच्यांना समजायचं काही कारण नाही. तो तुकडा थांबवणं माझ्या हातात नाही. पण नीट नावानिशी आणि नीट तोडलेलं काही लोकांपुढे असावं, एवढं तरी करता येईल.

कायद्याचं एका परिच्छेदात सांगतो. टेपरेकॉर्डर बापूंचा होता म्हणून प्रवचनं आमची होत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाहीर भाषणाच्या शब्दांवरचा पहिला हक्क ते करणाऱ्याचाच मानला आहे, आणि कलावंताला मिळणारे हक्क व्याख्यान देणाऱ्यालाही दिले आहेत. आपलं नाव लागावं आणि आपलं बोलणं विकृत होऊ नये, हे त्यात आलं. मात्र २०१२ च्या दुरुस्तीत अशीही सोय आहे की, वेळेत बसवण्यासाठी नुसता काही भाग गाळला तर त्याने लौकिकाला बाधा आली असं धरायचं नाही. मला त्या सोयीच्या आड जायचं नाही. प्रवचनात काय गाळलं तर अर्थ बिघडतो हे कायद्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं.

आता खरी अडचण सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर बेतलं आहे. आपण पूर्वपक्ष फार जोरकस मांडता. तेराव्या अध्यायातली अहिंसा १९९४ च्या चातुर्मासात झाली. माउली तिथे स्वमत सांगण्याआधी इतरांची मतं घेतात, यज्ञातली हिंसा आणि औषधासाठी झाडं मुळासकट उपटणारा आयुर्वेद, असं. आपण त्या दिवशी याज्ञिकांची बाजू दहा-बारा मिनिटं अशी लढवली आहे की मधलीच दोन मिनिटं कानावर पडलेल्याला वाटावं, शास्त्रीबुवा पशुयागाचे कैवारी आहेत. आणि खरं सांगायचं तर कात्री चालवणाऱ्याला मोह होतो तो तिथलाच. आवाज चढलेला, वाक्यं धारदार, देवळात हशा. लोक तेच पुढे पाठवतील.

म्हणून नियम असा ठेवला आहे : नुसता पूर्वपक्ष कधीही निघणार नाही. पूर्वपक्ष आणि त्याचं उत्तर तीन मिनिटांत मावत असेल तर दोन्ही एकत्र, नाहीतर तो भाग सोडून द्यायचा. दोन लांबच्या जागा जोडून सलग असल्याचा भास करायचा नाही. एका भागात एकच सलग जागा. मधलं काही गाळावंच लागलं, उदाहरणार्थ कॅसेट उलटवताना तुटलेलं वाक्य, तर तिथे आवाज पूर्ण थांबेल आणि पडद्यावर ‘येथे काही भाग गाळला आहे’ असं दिसेल.

गाळायच्या गोष्टी मोजक्या आहेत. श्रोत्यांपैकी कुणी नाव घेऊन घरची अडचण विचारली असेल ती, आणि आपण ओघात हयात व्यक्तींवर केलेली थट्टा. ती थट्टा देवळातल्या मंडळींसाठी होती. असे प्रसंग ज्या भागात आहेत तो भागच मी घेणार नाही. पूर्ण प्रवचनातून मात्र तेवढंच काढावं लागेल, आणि कुठून काय काढलं त्याची यादी आपल्याला दाखवीन.

आवाजावर करायचं काम इतकंच : फितीची खरखर आणि पंख्याची घरघर कमी करायची, फार हळू असेल तिथे आवाज वाढवायचा. वेग बदलायचा नाही. खाली संगीत नाही, तानपुराही नाही. आणि थांबे कापायचे नाहीत. ‘कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार’ म्हणून झाल्यावर मागे कुणी घंटा वाजवली आहे, आणि तिचा नाद पुरता विरेपर्यंत आपण गप्प राहिला आहात. हल्ली असे थांबे आपोआप उडवणारी साधनं सर्रास वापरतात. तो थांबा गेला तर ‘कुचुंबैल केसर । इया शंका’ हे पुढचे शब्द निव्वळ माहिती होऊन बसतात.

खाली मराठी अक्षरं येतील, ती मी हाताने लिहीन. ओवीचा पाठ आपण म्हटला आहे तोच राहील. आपण बहुतेक साखरे प्रतीप्रमाणे म्हणता. राजवाडे प्रतीत तिथे वेगळा शब्द असला तरी मी ‘सुधारणा’ करणार नाही. कुठे ओवीचा क्रमांक बोलता बोलता चुकला असेल तर आवाज तसाच ठेवून खाली टीप द्यावी, की तो भागच टाळावा, हे आपण सांगावं. मला टीप बरी वाटते.

माझा स्वतःचा एकही शब्द आपल्या बोलण्याच्या आधी, मध्ये किंवा नंतर असणार नाही, निवेदन नाही की अर्थ सांगणं नाही. समारोपाच्या दिवशी आपण नाथांची ओवी म्हणत असा :

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध करून झाल्यावर नाथांनी हे लिहून ठेवलं. आमच्यासारख्या कापाकापी करणाऱ्यांना ते जास्तच लागू आहे.

श्रेय कसं द्यायचं, ते लिहून देतो. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी चित्रातच ही अक्षरं असतील, म्हणजे कुणी उतरवून पुढे पाठवलं तरी सहजासहजी निघणार नाहीत :

‘प्रवचन : विनायकशास्त्री, वाई. ज्ञानेश्वरी, अध्याय १३. चातुर्मास १९९४. मूळ प्रवचनातील निवडक भाग. ध्वनिमुद्रण : बापू, मधली आळी.’

नावापुढे ‘वेदशास्त्रसंपन्न’ किंवा ‘ह.भ.प.’ लावलेलं नाही, कारण पत्रिकेवरचं ते बिरुद आपण स्वतः खोडल्याचं बापू सांगत. लावायचं असेल तर कळवावं. माझं नाव कुठेही येणार नाही. चित्र म्हणून घाटाचा एक साधा फोटो राहील. आपला फोटो हवा असेल तर आपण द्याल तोच. शीर्षकं साधी, ‘अहिंसा : मतांतरे आणि स्वमत’ अशी. ‘ऐकून थक्क व्हाल’ छापाची नाहीत.

पैशाचं : यातून मी काहीही मिळवणार नाही, जाहिरातींसाठी नावही नोंदवणार नाही. पण यूट्यूब आपल्या मर्जीने मध्ये जाहिरात दाखवू शकतं, ते थांबवायचा उपाय माझ्याकडे नाही. तांदळाच्या किंवा कर्जाच्या जाहिरातीनंतर आपला आवाज येईल, हे आपल्याला चालतं का ते मनाशी पाहावं. चालत नसेल तर मी हे सगळं माझ्या खर्चाने साध्या संकेतस्थळावर ठेवीन. ऐकणारे कमी मिळतील, पण तक्रार नाही.

आणखी एक स्पष्ट सांगायला हवं. आपण उद्या ‘हे काढ’ म्हणालात तर कारण न विचारता मी त्याच दिवशी काढीन. पण तोपर्यंत कुणी उतरवून घेतलं असेल तर ते परत आणता येणार नाही. म्हणून आपण ऐकून होकार दिल्याशिवाय एकही भाग बाहेर जाणार नाही. एकदम सगळ्यांना परवानगी नको, दरवेळी थोडे भाग आणून ऐकवीन. दुसऱ्या कुणी त्यातून आणखी तुकडे पाडायची मुभा मागितली तर मी ती देणार नाही, त्यांना आपल्याकडेच पाठवीन.

येत्या शनिवारी मी वाईला येतो आहे. दुपारी आपली विश्रांती झाल्यावर, चारच्या पुढे आलो तर चालेल का, एवढं वहिनींनी कळवावं. हाच मजकूर मोठ्या अक्षरांत छापून आणीन, म्हणजे त्यावर आपल्याला हवं ते खोडता येईल आणि वाढवता येईल. सोबत छोटा स्पीकर आणि नमुन्याचे तीन भाग असतील. त्यांतला अहिंसेचा आधी ऐकवीन. तो तोडलेला आपल्याला पटला नाही, तर उरलेले दोन ऐकवत बसणार नाही.

काकूंना नमस्कार.

आपला,
प्रसाद