निमंत्रण पत्र: सौ. मंगला श्रीकांत देवधर यांची ब्रेमेन भेट, 2 जून ते 11 जुलै 2026

अनिरुद्ध विश्वास पटवर्धन
पापेलश्ट्रासे, नॉयश्टाट
28199 ब्रेमेन, जर्मनी

दिनांक: 9 मार्च 2026

प्रति,
सौ. मंगला श्रीकांत देवधर
मयूर कॉलनी, कोथरूड
पुणे 411038

माहितीसाठी प्रत: व्हिसा विभाग, जर्मन वाणिज्य दूतावास, मुंबई

विषय: कौटुंबिक भेटीसाठी शेंगेन अल्पमुदत व्हिसाकरिता निमंत्रण आणि खर्चाच्या जबाबदारीचे निवेदन

ती. सौ. मंगलामावशी यांस,
सा. न. वि. वि.

आपण ब्रेमेनला आमच्या घरी दिनांक 2 जून 2026 ते 11 जुलै 2026 या काळात पाहुण्या म्हणून यावे, यासाठी हे निमंत्रण मी माझ्या व माझी पत्नी सौ. ऋता हिच्या वतीने देत आहे. फेब्रुवारीत पाठवलेल्या घरगुती मसुद्यात ‘उन्हाळ्यात दीड-दोन महिने’ आणि ‘सगळा खर्च आमच्याकडे’ असा मजकूर होता. त्यावर आपण लाल शाईने केलेल्या खुणा विचारात घेऊन हे पत्र नव्याने लिहिले आहे. यापुढे अर्जासाठी हेच पत्र ग्राह्य धरावे आणि आधीचा मसुदा रद्द समजावा.

आपण माझ्या आईच्या सख्ख्या धाकट्या भगिनी आहात. माझी आई कै. वसुधा विश्वास पटवर्धन आणि आपण, दोघींचे माहेरचे आडनाव आगाशे असून वडिलांचे नाव गोविंद आगाशे आहे. हे नाते कागदावर दिसावे म्हणून पुणे महानगरपालिकेने दिलेला माझा जन्मदाखला, आईच्या व आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या प्रती आणि आपल्या विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडला आहे. मावशी आणि भाचा यांची आडनावे जुळत नाहीत, त्यामुळे हे तीनही दुवे एकत्र पाहिले तरच नाते सिद्ध होते.

भेटीचा हेतू कौटुंबिक आहे. आमची मुलगी अन्वी हिचा जन्म 13 जून 2025 रोजी ब्रेमेन येथे झाला असून तिचा पहिला वाढदिवस शनिवार, 13 जून 2026 रोजी आमच्या राहत्या घरी साजरा होणार आहे. आई हयात नसल्यामुळे माझ्या बाजूने आजीच्या नात्याने आपणच उपस्थित राहावे, अशी आमची इच्छा आहे. वाढदिवस एका दिवसाचा आणि मुक्काम चाळीस दिवसांचा का, असा प्रश्न अर्ज तपासणाऱ्याच्या मनात येणे रास्त आहे. आपण अन्वीला अद्याप प्रत्यक्ष पाहिलेले नाही. एवढ्या लांबचा प्रवास वयाच्या चौसष्टाव्या वर्षी वारंवार होणार नाही. आणि मला नोकरीतून वार्षिक रजा 22 जून ते 3 जुलै या दोन आठवड्यांसाठीच मंजूर झाली आहे, त्यामुळे आपल्याला सोबत घेऊन फिरणे वाढदिवसाच्या आठवड्यात नव्हे तर त्या पंधरवड्यातच शक्य आहे. वाढदिवस आणि रजा या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवून मुक्काम आखला आहे.

या भेटीत आपण नोकरी, व्यवसाय, शिक्षण किंवा पूर्वनियोजित वैद्यकीय उपचार यांपैकी काहीही करणार नाही. अन्वीचा सांभाळ हादेखील या भेटीचा हेतू नाही. सौ. ऋता 31 जुलै 2026 पर्यंत पालकत्व रजेवर घरीच असून ऑगस्टपासून अन्वीला पाळणाघरात जागा मिळालेली आहे. दोन्हींची पत्रे सोबत आहेत.

तारखांबाबत पुढील तपशील अर्ज, तिकीट आरक्षण आणि विमा या तिन्ही कागदांवर एकसारखाच असावा. आपले विमान मुंबईहून मंगळवार, 2 जून रोजी मध्यरात्रीनंतर सुटते. म्हणजे पुण्याहून सोमवार, 1 जूनच्या संध्याकाळी निघावे लागेल, परंतु शेंगेन क्षेत्रातील प्रवेशाची तारीख 2 जून हीच राहील. त्या सकाळी फ्रांकफुर्ट विमानतळावर मी स्वतः आपल्याला घेण्यास येईन आणि तेथून आपण रेल्वेने ब्रेमेनला जाऊ. परतीचे विमान शनिवार, 11 जुलै रोजी दुपारी फ्रांकफुर्टहून सुटून रविवार, 12 जुलै रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईला पोहोचते. प्रवेशाचा आणि निर्गमनाचा असे दोन्ही दिवस धरून शेंगेन क्षेत्रातील मुक्काम 40 दिवसांचा होतो, जो कोणत्याही 180 दिवसांत कमाल 90 दिवस या मर्यादेच्या बराच आत आहे. या 40 दिवसांत 39 रात्री असून त्यांपैकी 37 रात्री आमच्या घरी, तर शुक्रवार 26 जून आणि शनिवार 27 जून या दोन रात्री आम्हा तिघांसोबत नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम येथे हॉटेलात जातील. 28 जूनला सर्वजण ब्रेमेनला परत येऊ. मुख्य गंतव्य देश जर्मनीच असल्याने अर्ज जर्मनीकडे करणे योग्य आहे.

आमचे घर तीन खोल्यांचे, 86 चौरस मीटरचे असून भाडेकरार आम्हा दोघांच्या नावे आहे. मागील बाजूची खोली मुक्कामभर केवळ आपल्यासाठी राहील. घर क्रमांकासह पूर्ण पत्ता जोडलेल्या रहिवासी नोंदणी दाखल्यावर आहे. अर्जात तो तेथे आहे तसाच लिहावा.

आता खर्चाविषयी. मी ब्रेमेनमध्ये कायमस्वरूपी निवास परवान्यावर राहतो, सॉफ्टवेअर अभियंता म्हणून मुदतीविना करारावर नोकरी करतो आणि करकपातीनंतर माझे मासिक उत्पन्न 3,950 युरो आहे. जर्मन निवास कायद्याच्या कलम 66, 67 व 68 अन्वये द्यावयाचे औपचारिक जबाबदारीपत्र मी येथील परदेशी नागरिक कार्यालयात 4 मार्च 2026 रोजी, 29 युरो शुल्क भरून, स्वाक्षरीनिशी करून घेतले असून त्याची मूळ प्रत कुरिअरने आपल्याकडे पाठवली आहे. कायदेशीर बंधन त्या जबाबदारीपत्राने येते. प्रस्तुत पत्र त्याचा पर्याय नव्हे, तर प्रत्यक्षात कोणता खर्च कोण करणार याचा खुलासा आहे.

मुंबई ते फ्रांकफुर्ट व परत असा विमानप्रवास, 90 युरोचे व्हिसा शुल्क, अर्ज केंद्राचे सेवाशुल्क आणि प्रवास विम्याचा हप्ता हे सर्व आपण आपल्या निवृत्तिवेतनातून व बचतीतून भरणार आहात. ही रक्कम माझ्याकडून घेण्यास आपण नकार दिला आहे, आणि आपला आग्रह मी मान्य केला आहे. 2 जूनला फ्रांकफुर्टला उतरल्यापासून 11 जुलैला विमानात बसेपर्यंतचा निवास, जेवणखाण, जर्मनीतील रेल्वे व शहरांतर्गत प्रवास, तसेच ॲम्स्टरडॅमचा जाण्यायेण्याचा व हॉटेलचा खर्च मी करीन. आपली वैयक्तिक खरेदी आपली राहील.

प्रवास विमा किमान 30,000 युरो संरक्षणाचा, सर्व शेंगेन देशांत लागू असणारा, संपूर्ण मुक्काम व्यापणारा आणि तातडीचे उपचार, रुग्णालयात दाखल होण्याचा व मायदेशी परत नेण्याचा खर्च यांचा समावेश असलेला असावा. आपल्याला रक्तदाबाचा जुना त्रास आहे आणि पूर्वीपासूनच्या आजारावरील खर्च अनेक विमा योजना वगळतात, ही बाब मी गृहीत धरली आहे. विम्यातून न मिळणारा उपचारांचा खर्च माझ्या जबाबदारीत येतो. तसेच परतीचे तिकीट आपण स्वतः काढणार असला, तरी ते कोणत्याही कारणाने वापरता आले नाही तर आपल्या परतीच्या प्रवासाचा खर्चही मीच देईन. आपल्या मुक्कामामुळे कोणत्याही सार्वजनिक निधीवर भार पडल्यास त्याची भरपाई करण्याचे बंधन मला मान्य आहे. या बंधनाची कायद्यातील मुदत पाच वर्षांची आहे, हे कार्यालयाने मला समजावून सांगितले असून ते जाणूनच मी सही केली आहे.

मुक्काम संपल्यावर आपण पुण्याला परत जाणार आहात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. श्री. श्रीकांतकाका या काळात कोथरूडच्या घरीच राहणार आहेत; ते घर आपल्या दोघांच्या मालकीचे आहे; निवृत्त शिक्षिका म्हणून आपले निवृत्तिवेतन पुण्यातील बँक खात्यात जमा होते; आणि आपण गृहनिर्माण संस्थेच्या सचिव असून संस्थेची वार्षिक सभा आपण परतल्यानंतर ऑगस्टमध्ये आहे. मालमत्ता कराची पावती, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि संस्थेचे पत्र आपण आपल्याकडून जोडावे. व्हिसावर नमूद दिवसांपेक्षा अधिक मुक्काम आम्ही आपल्याला करू देणार नाही, आणि मुदतवाढ मागण्याचा आमचा कोणताही विचार नाही.

वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे. पडताळणीसाठी दूतावासाने माझ्याशी संपर्क साधल्यास मी आवश्यक ती कागदपत्रे तत्काळ सादर करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला भाचा,
अनिरुद्ध विश्वास पटवर्धन

वरील मजकूर मला मान्य आहे.
सौ. ऋता अनिरुद्ध पटवर्धन

ता. क. (हा कागद वेगळा ठेव; भाषांतरात किंवा अर्जात घेऊ नकोस.)

मावशी, वरच्या पत्राचं इंग्रजी भाषांतर सोबत आहे. दोन्हींवर माझी सही आहे, दोन्ही एकत्र टाचून दे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत घेतात, म्हणजे 18 मे ही शेवटची तारीख. पण तेवढं थांबू नकोस. पुण्याच्या अर्ज केंद्रात एप्रिलच्या पहिल्या आठवड्याची वेळ मिळाली तर घेऊन टाक. बोटांचे ठसे द्यायचे असल्यामुळे तुला स्वतःलाच जावं लागेल, काका जाऊन चालणार नाही.

तुझ्या पासपोर्टवर DEODHAR आहे आणि बँकेच्या पासबुकावर DEVDHAR. बँकेकडून दुरुस्ती करून घे, आणि वेळेत नाही झाली तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र तरी घे. विमा आणि तिकीट आरक्षण मात्र पासपोर्टप्रमाणेच हवं. तिकिटाचं फक्त आरक्षण कर, व्हिसा हातात आल्याशिवाय पैसे भरू नकोस. सुधीरदादा प्रेमाने तुझ्या खात्यात एकदम मोठी रक्कम टाकतो म्हणाला, त्याला नको म्हणून सांग. तुझं पेन्शन आणि ठेवी पुरेशा आहेत, आणि अर्जाच्या तोंडावर आलेल्या रकमेचा खुलासा देत बसावं लागतं.

खिडकीवर कोणी विचारलं तर गमतीनेसुद्धा ‘नातीला सांभाळायला चाललेय’ असं म्हणू नकोस. भाच्याकडे, नातीच्या वाढदिवसाला, चाळीस दिवस, हे जे खरं आहे तेवढंच सांग. रक्तदाबाच्या गोळ्या पन्नास दिवसांच्या घे आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट लिहून घे. जबाबदारीपत्राचं कुरिअर आलं की आधी त्याची झेरॉक्स काढून काकांच्या फाइलमध्ये ठेव आणि मला फोन कर.

अनिरुद्ध