४०२ साठी, खालच्या मजल्यावरून

कर्वेनगर, पुणे
सोमवार, १२ जानेवारी २०२६

प्रिय सायली आणि अमेय,

सायली, तुझ्या आईने सावंतवाडीहून आणलेल्या खाज्याचा डबा महिनाभर माझ्याकडे पडून आहे. रिकामा कसा पाठवायचा म्हणून संक्रांतीची वाट पाहत होते. आज सहा गुळपोळ्या घातल्यात. त्याच पिशवीत ही चिठ्ठी ठेवतेय. गुळपोळ्या डब्याबद्दल आहेत, चिठ्ठीचा विषय वेगळा आहे. दोन्हींचा संबंध जोडू नका.

विषय शनिवार रात्रीच्या तुमच्या बैठकींचा. समोरासमोर बोलायला हवं होतं, मान्य आहे. डिसेंबरात एकदा गाऊनवर शाल गुंडाळून वर आलेही होते. दोनदा बेल वाजवली, गाण्यामुळे कुणाला ऐकू गेली नाही. मग वाटलं, दार उघडलंच तर दहा पाहुण्यांसमोर तुम्हाला ओशाळं व्हायचं आणि मलाही. तशीच खाली आले. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिणं मला पटत नाही. तिथे पार्किंगवरून जे चालतं ते तुम्ही पाहताच.

तुमच्या घरात माणसं येतात-जातात, हसतात, याचा मला खरंच त्रास नाही. तुमच्या आधी चार वर्षं तो फ्लॅट बंद होता. त्या शांततेपेक्षा हे बरं. अडचण आमच्या आईंची आहे, म्हणजे माझ्या सासूबाईंची.

त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघे गेलेत, दोन वर्षांपासून विसरायलाही होतं. त्यांची खोली तुमच्या हॉलच्या बरोबर खाली आहे. टीव्हीचा आवाज त्यांना कमी ऐकू येतो, पण वर खुर्ची सरकली की लगेच जाग येते. सांगलीकडे त्यांच्या सासरी शेवटच्या एसटीने पाहुणे यायचे. रात्री अकरा वाजताही चूल पेटायची. ते सगळं त्यांच्या अंगात इतकं मुरलंय, की वर पावलं वाजली की त्यांना आपल्याच घरी मंडळी आल्यासारखं वाटतं आणि त्या उठतात.

परवा शनिवारी रात्री पाऊण वाजता स्वयंपाकघरातून लायटरचा आवाज आला, टिक टिक टिक. जाऊन पाहते तर आई अंधारात ओट्याला धरून उभ्या. वॉकर पलंगापाशीच राहिलेला. मोठं पातेलं काठोकाठ भरून शेगडीवर, बर्नरचं बटण चालू आणि लायटर काही पेटत नव्हता. गॅसचा वास यायला लागला होता. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली. त्या मलाच रागावल्या, "दहा-बारा माणसं आलीत, निदान चहा तरी टाकायला नको?"

(सकाळी जिन्यात अमेय भेटला तेव्हा "काल बाराजण होतो" म्हणाला. आकडा त्यांनी नुसत्या आवाजावरून बरोबर सांगितला होता! त्या क्षणी हसू आलं, पण रात्री माझे हात थरथरत होते.)

जिन्यात हे सांगितलं नाही, कारण तुझ्या हातात कचऱ्याच्या दोन पिशव्या होत्या आणि मी नुसती दोन तास झोपले होते. अशा वेळी तोंडातून नको ते जातं.

आता मागणं. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे घरात प्रत्येक गोष्टीचा नियम निघतो. रात्री १० ते सकाळी ६ राहत्या वस्तीत ४५ डेसिबल, हे त्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी म्हटलं, नियम राहू दे, मुलं समजूतदार आहेत. पण त्यांचं एक म्हणणं कामाचं आहे. बोलण्याचा आवाज हवेत बराचसा विरतो. खुर्ची ओढल्याचा, किंवा जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरच्या धडधडीचा आवाज थेट स्लॅबमध्ये उतरतो. म्हणून गाण्याचे शब्द आम्हाला कळत नाहीत, फक्त ठोका कळतो, तोही छातीत. तुम्हाला वर बसून ते एवढं जाणवतही नसेल.

तर असं करता येईल का? शनिवारी अकरापर्यंत जे चालायचं ते चालू दे, तोवर मीही जागीच असते. अकरानंतर स्पीकर बंद, गप्पा खुशाल चालू द्या, फक्त गॅलरीचं दार लावून घ्या. गॅलरीतलं बोलणं आमच्या खिडकीशी बसून बोलल्यासारखं येतं. (त्यामुळे अमेयच्या ऑफिसातल्या मॅनेजरबद्दल मला आता बरंच माहीत आहे. कुणाला सांगणार नाही.) स्पीकर जमिनीवर न ठेवता टेबलावर, खाली जाडशी घडी घालून ठेवला तर फरक पडतो म्हणतात हे. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या मिळतात हार्डवेअरच्या दुकानात. आम्ही आमच्या खुर्च्यांना लावल्यात, तुमच्यासाठीही हे आणून देतील. नाहीतर खाली सतरंजी अंथरून बसा, माझ्याकडे दोन मोठ्या पडून आहेत.

आणि निरोप घरातच घ्या. आपल्या लोकांचं खरं बोलणं चपला घातल्यावर सुरू होतं. लिफ्टचं दार उघडं धरून अर्धा तास गप्पा, लिफ्टमधली बाई "कृपया दरवाजा बंद करा" म्हणून घसा कोरडा करते, मग खाली पार्किंगमध्ये दुसरा निरोप. या सगळ्याने आई हमखास उठतात.

वाढदिवसाला बारा वाजता केक कापायचा असेल तर कापा, गाणंही म्हणा. फक्त आदल्या दिवशी मला एक मेसेज टाका. त्या रात्री मी आईंच्या खोलीत झोपेन आणि सिलिंडरचा रेग्युलेटर आधीच बंद करून ठेवीन. खरं तर तो आता रोजच बंद करते, पण आठवण राहिलेली बरी.

आमचंही चुकत असणार. सकाळी साडेसहाला माझा मिक्सर सुरू होतो, आणि रविवारी तुम्ही उशिरा उठता हे माहीत असूनही मी खोबऱ्याची चटणी वाटते. रविवारी तो आठनंतर लावीन. आईंचा रेडिओ पहाटे मोठ्याने लागतो, तो आता खिडकीपासून हलवलाय. आणखी काही खुपत असेल तर तुम्हीही बिनधास्त सांगा, मनात ठेवू नका.

एखाद्या संध्याकाळी दोघं खाली या. आईंना वरची मंडळी एकदा डोळ्यांनी पाहू दे. चहा त्यांनाच टाकू दे, मी शेजारी उभी राहीन.

गुळपोळ्या तव्यावर किंचित गरम करून वर तूप घ्या, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, गूळ वितळून बाहेर येतो. डब्याची घाई नाही.

तुमची
माधवीकाकू
३०२