नोव्हेंबरच्या रिजेक्शनचं पॅरेटो: आधी हाऊसिंगचं श्रिंकेज धरायचं

सर, आणि मोल्डिंग, सँड प्लँट, कोअर शॉप, मशीन शॉपचे सगळे,

सोमवारच्या मीटिंगला यायच्या आधी हे वाचून या म्हणजे तिथं आकड्यांवरून वाद नको. फेटलिंगनंतरचं फायनल इन्स्पेक्शन आणि मशीन शॉपचं रिजेक्शन रजिस्टर, दोन्ही एकत्र केलंय. १८,४०० नग तपासले, १,१०४ रिजेक्ट, म्हणजे बरोबर ६ टक्के.

आधी रजिस्टरबद्दल. एकाच डिफेक्टला कुणी ब्लो लिहितं, कुणी बीएच, कुणी गॅस होल, कुणी नुसतं 'होल', त्यामुळे कच्च्या नोंदीत ब्लो होल चार ठिकाणी विखुरलेलं होतं आणि 'इतर' फुगलेलं दिसत होतं. नुसत्या 'होल'वाल्या नोंदी मी इन्स्पेक्टर दादांना विचारून, यार्डात जे नग अजून पडले होते ते बघून लावल्यात. एका नगावर दोन डिफेक्ट असतील तर ज्याच्यामुळे नग बाद झाला तोच मोजलाय. ग्राइंडिंग करून सुटलेले नग यात नाहीत, म्हणून स्वेल इथं किरकोळ दिसतंय पण फेटलिंगवाल्यांना विचारा ते काय सांगतात.

| डिफेक्ट | नग | एकत्रित % | नुकसान रु. |
|---|---|---|---|
| सँड इन्क्लुजन | ३५१ | ३१.८ | ५६,१६० |
| ब्लो होल | २८७ | ५७.८ | ६०,२७० |
| मिसमॅच | १४८ | ७१.२ | २२,२०० |
| कोल्ड शट | १२१ | ८२.२ | १६,९४० |
| श्रिंकेज | ७४ | ८८.९ | १,०७,३०० |
| कोअर तुटणे | ५८ | ९४.१ | ४०,६०० |
| स्वेल | २९ | ९६.७ | ४,३५० |
| फेटलिंगमध्ये तुटलेले | २२ | ९८.७ | ३,७४० |
| इतर | १४ | १०० | २,२४० |

नगांवर बघितलं तर पहिल्या चार डिफेक्टमध्ये ८२ टक्के येतात, आणि दर महिन्याला आपण इथंच थांबतो, सँड इन्क्लुजन वर म्हणून सँड प्लँटच्या मागे लागतो. पण ४ किलोचा ब्रॅकेट फेटलिंगला बाद झाला तर धातू परत भट्टीत जातो, जातात ते वितळवण्याचे, मोल्डिंगचे, मजुरीचे पैसे, सरासरी १६० रुपये धरलेत. २२ किलोचं हाऊसिंग मशीनवर चढून बोअर मारताना आतून पोकळ निघालं तर मशीनचा वेळ, टूल, सगळंच गेलं, श्रिंकेजचा नग सरासरी १,४५० ला पडतो. हे दर अकाउंट्सकडून तपासून घेतलेत.

रुपयांनी लावलं की क्रमच बदलतो. एकूण नुकसान ३,१३,८०० आणि त्यातलं ३४ टक्के एकट्या श्रिंकेजचं, जे नगांत पाचव्या नंबरला होतं. त्याच्यामागे ब्लो होल, मग सँड, मग कोअर, या चारांत ८४ टक्के. ऐंशी-वीस अगदी तसंच निघायला पाहिजे असा काही नियम नाही, बघायचं एवढंच की उतार कुठं तीव्र आहे.

आता श्रिंकेज थोडं फोडून सांगतो कारण इथंच खरी गंमत आहे. ७४ पैकी ६६ हाऊसिंगचे, आणि त्या ६६ पैकी ६१ मध्ये पोकळी एकाच जागी, बेअरिंग बोअरच्या शेजारच्या जाड बॉसमध्ये. पहिली शंका मेल्टिंगवर जाते, कार्बन कमी पडला, इनॉक्युलेशन नीट झालं नाही वगैरे, म्हणून हीट कोड काढले. ते ६६ नग ३१ वेगवेगळ्या हीटमधून आलेत आणि त्या हीटचं केमिस्ट्री नेहमीच्याच रेंजमध्ये आहे. गडबड धातूत असती तर काही हीटमध्ये ढीग लागला असता आणि बाकीच्या स्वच्छ निघाल्या असत्या. इथं तसं नाही, सगळीकडे थोडं थोडं आणि जागा तीच, म्हणजे मेथडचा विषय, बॉस शेवटी थंड होतोय आणि तोवर रायझरची मान गोठून बसलेली असते. मेल्टिंगवाल्यांनी यावेळी हुश्श करायला हरकत नाही.

ट्रायल कशी घ्यायची तेही ठरवूनच येऊ. मेथडच्या सरांचं म्हणणं बॉसपाशी चिल लावून बघू, मलाही तेच बरं वाटतंय, रायझरची मान मोठी केली तर फेटलिंगला कटाई वाढते. पण २०-३० नग घालून 'एकही आलं नाही' म्हणून टाळ्या नकोत. महिन्यात २,३०० हाऊसिंग झाली त्यात ६१, म्हणजे २.६५ टक्के, आताच्या पद्धतीनंही ३० नगांत एखादंच येतं किंवा येतही नाही. ३०० नग घालू, आता जसं चाललंय तसं चाललं तर त्यात ८ च्या आसपास यायला पाहिजेत, एखादंच आलं तर चिल लागू पडली म्हणायची. आणि हे ३०० नग मशीन शॉपनं रांगेत न ठेवता लगेच बोअर करायचे, नाहीतर नेहमीसारखं दहा-बारा दिवसांनी कळणार आणि तोवर जुन्याच पद्धतीनं अजून शेकडो ओतून झालेले असणार. ट्रायलच्या नगांवर हीट कोडच्या बाजूला वेगळी खूण हवी.

दुसरं काम सँड, पण सगळ्या सँड प्लँटला झोडपायचं नाही. पहिल्या शिफ्टला ६,६०० नगांत ९७, दुसरीला ६,५०० त १०१, तिसरीला ५,३०० त १५३. टक्क्यांत १.५, १.६ आणि २.९. तिसऱ्या शिफ्टला लॅबचा माणूस नसतो, कॉम्पॅक्टिबिलिटी आणि मॉइश्चर संध्याकाळी एकदा बघितलं की सकाळपर्यंत मलर त्याच सेटिंगवर, रिटर्न सँड गरम येतेय का गार याची कुणालाच खबर नाही. मलरवरच्या मामांना कॉम्पॅक्टिबिलिटी टेस्ट शिकवायला अर्धा दिवस पुरतो, दर तासाला एक रीडिंग, रेंजच्या बाहेर गेलं तर काय करायचं ते मलरशेजारी भिंतीवर मराठीत लावू.

ब्लो होल रुपयांत दुसरं असून दुसरं काम म्हणून घेत नाहीये, कारण आहे त्या नोंदीवरून नेमकं करायचं काय हेच कळत नाही. गॅस कोअरमधून येतो की ओल्या सँडमधून, हे होल कुठल्या बाजूला आहे त्यावरून बऱ्यापैकी समजतं, पण रजिस्टरमध्ये जागाच लिहिलेली नाही. १ डिसेंबरपासून दोन आठवडे इन्स्पेक्शन टेबलावर दोन्ही कास्टिंगचं चित्र लावतोय, होल दिसलं की चित्रावर ठिपका मारायचा, बास.

मिसमॅच तक्त्यात तिसरं दिसतंय पण ते सोडा. १४८ पैकी ११९ हे ११ ते १३ तारखेचे, एका बॉक्सचे पिन-बुश झिजले होते, १४ ला बदलले, त्यानंतर उरलेल्या महिन्यात फक्त १२ आलेत. कोल्ड शट स्वस्त आहे, तूर्त नको. कोअरचे ५८ नग मात्र कोअर शॉपनं स्वतःच बघावेत, ट्रॉलीवर एकावर एक रचून आणणं थांबवलं तरी बराच फरक पडेल असं मला वाटतं, त्यासाठी मीटिंगची गरज नाही.

सोमवारी मला तीन गोष्टी लागतील: चिलसाठी पॅटर्नमध्ये बदल करायची परवानगी, ट्रायलच्या दिवशी मशीन शॉपचं एक बोअरिंग मशीन मोकळं, आणि तिसऱ्या शिफ्टला मामांच्या जागी अर्धा दिवस बदली माणूस. डिसेंबरचं पॅरेटो याच नावांनी आणि याच दरांनी काढणार, म्हणून कृपा करून रजिस्टरमध्ये नवीन नावं शोधू नका 🙏