कांदा चाळीत सडतो, पण बिघडतो शेतात: वेबिनारच्या प्रोमो क्लिपची संहिता

क्लिपची लांबी: सुमारे चार मिनिटं, उभी फ्रेम
मूळ साहित्य: सप्टेंबरमध्ये झालेल्या 'उन्हाळ कांद्याची साठवण' या दीड तासाच्या सत्राचं रेकॉर्डिंग
कशासाठी: रविवार, १ मार्च २०२६ च्या थेट सत्राची नावनोंदणी

एडिटिंगसाठी: मूळ सत्रातला प्रश्नोत्तरांचा भाग ४७व्या मिनिटाला सुरू होतो, तिथूनच घ्यायचं. आधीची ओळख, स्वागत, आभार यातलं काहीही नको. शेतकऱ्याचा आवाज जरा खरखरीत आहे, तो तसाच राहू दे. खाली मोठ्या अक्षरात मजकूर द्या. बरेच जण मोबाइल आवाज बंद ठेवून बघतात.

००:०० (हुक)

दृश्य: मार्गदर्शकांचा हात, हातात कांदा, मानेवर अंगठा. चेहरा अजून दाखवायचा नाही.

मार्गदर्शक: "हा कांदा ऑगस्टमध्ये सडणार. मी आत्ताच सांगतो. आणि यात चाळीचा काही दोष नाही."

पडद्यावर: कांदा चाळीत सडतो, पण बिघडतो शेतात.

००:१० (मूळ सत्रातून)

दृश्य: स्क्रीन दुभागलेली. एका बाजूला मार्गदर्शक, दुसऱ्या बाजूला फक्त 'शेतकरी, येवला तालुका' एवढी पाटी.

शेतकरी: "नमस्कार सर. चाळ नवीन बांधली. खालून हवा, बाजूनं हवा, वरती चारा टाकला, सगळं केलं. जूनपर्यंत माल एक नंबर होता. पाऊस सुरू झाला आणि वास यायला लागला. ऑगस्टमध्ये चाळ फोडली तर खालच्या थराला पाणी सुटलेलं. चाळीत काय चुकलं असेल?"

मार्गदर्शक: "भाऊ, चाळीचं नंतर बघू. आधी मला सांगा, शेवटचा युरिया कधी टाकला होता?"

शेतकरी: "लागवडीनंतर... ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांनी असेल. फुगवण यावी म्हणून."

मार्गदर्शक: "आणि शेवटचं पाणी?"

शेतकरी: "काढणीच्या चार-पाच दिवस आधी. जमीन कडक झाली होती, उपटायला सोपं जावं म्हणून."

(इथे मार्गदर्शक दोन सेकंद गप्प बसतात. हा थांबा कापू नका.)

मार्गदर्शक: "वजन मिळालं ना? मिळणारच. पण ते वजन पाण्याचं होतं."

०१:०५ (जवळून)

दृश्य: मार्गदर्शक दोन कांदे कॅमेऱ्याजवळ धरतात. पूर्ण फ्रेम कांद्यांचीच.

मार्गदर्शक: "हे दोन बघा. आकार सारखा, रंग सारखा. व्यापाऱ्यानं लिलावात दोन्हीला एकच भाव दिला असता. आता मान बघा. ह्याची मान बारीक, वाळलेली, पिळून बंद झाल्यासारखी. आणि ह्याची? अंगठा दाबतो... दबते. आत ओल आहे. कांदा मातीतून बाहेर आला, पण ह्याची वाढ थांबलेलीच नाही.

काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाणी तोडलं की पातीतला सगळा रस खाली कांद्यात उतरतो. पात पिवळी पडते, मान मऊ होऊन आपोआप आडवी होते. शेतात निम्म्या झाडांच्या माना मोडल्या की समजायचं, कांदा तयार आहे. उशिरा युरिया टाकला, वर पाणी चालू ठेवलं, तर पात हिरवीगार राहते, मान जाड राहते. मग ती कापली की उघडीच राहते. बुरशी आणि जिवाणू आत शिरतात ते ह्याच दारातून. एप्रिलमध्ये काही दिसत नाही. पावसाळी हवा आली की दिसतं."

पडद्यावर, बोलण्याबरोबर एकेक ओळ:
नत्र: लागवडीनंतर ६० दिवसांच्या आत संपवा
पाणी: काढणीच्या २-३ आठवडे आधी तोडा
काढणी: निम्म्या माना मोडल्यावर

०२:१० (मूळ सत्रातून)

शेतकरी: "पण सर, पाणी तोडलं तर वजन घटतं. मेमध्ये विकायचा झाला तर नुकसान नाही का?"

मार्गदर्शक: "बरोबर बोललात. म्हणून आधी ठरवायचं, हा कांदा लगेच विकायचा आहे की ठेवायचा. लगेच विकायचा त्याचा हिशोब वेगळा. पण जो प्लॉट चाळीत जाणार आहे, त्याला विकायच्या कांद्यासारखं वाढवू नका. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत वजनातली घट, कोंब आणि सड मिळून तीस-चाळीस टक्के माल जातो. तुम्ही कमावलेलं वजन त्यातच निघून जातं, आणि शेजारचा चांगला कांदाही सोबत घेऊन जातं."

एडिटिंगसाठी: यानंतर मूळ सत्रात पात कापण्याचा भाग आहे: चार-पाच दिवस पातीसकट शेतात सुकवणं, पुढच्या ओळीची पात मागच्या कांद्यावर येईल असं पसरणं, मग इंचभर मान ठेवून कापणं आणि सावलीत दोन-तीन आठवडे वाळवणं. तो क्लिपमध्ये घेऊ नका. ते हातात कांदा घेऊन दाखवल्याशिवाय समजत नाही आणि थेट सत्रात दाखवणारच आहोत.

०२:४५ (निवेदिका, नव्यानं चित्रित)

दृश्य: कांद्याच्या शेताच्या बांधावर निवेदिका. पात अजून हिरवी. मागे वाऱ्याचा आवाज चालेल.

निवेदिका: "दादा, ताई, हे बोलणं सप्टेंबरमधलं आहे. तेव्हा चाळी फोडून झाल्या होत्या, सांगून फार उपयोग नव्हता. आज आहे. ज्यांची लागवड जानेवारीच्या मध्यावर झाली, त्यांच्या हातात युरियाचा निर्णय अजून आहे. ज्यांची डिसेंबरमध्ये झाली, त्यांच्या हातात शेवटच्या पाण्याचा आहे. भाव काय निघेल हे लासलगावला बसलेला माणूसही आज सांगू शकत नाही. पण ऑक्टोबरपर्यंत थांबायची ताकद आपल्या मालात असावी, एवढं आपण करू शकतो.

म्हणून रविवारी, १ मार्चला, संध्याकाळी साडेसात वाजता हेच मार्गदर्शक पुन्हा थेट येत आहेत. तुमच्या जमिनीला शेवटचं पाणी कधी, हलक्या रानात कधी, काळ्या रानात कधी, ते विचारा. चाळीत कांद्याचा ढीग चार-पाच फुटांच्या वर का नेऊ नये, लाल कांदा चाळीत का भरू नये, एन-२-४-१ आणि भीमा शक्तीसारखी वाणं जास्त का टिकतात, हे सगळं त्यात आहे. चाळ भरणं, निवडणं हे काम घरोघरी बायाच करतात. म्हणून ताईंनो, तुम्हीही बसा, आणि प्रश्न तुम्हीच विचारा."

०३:४० (नावनोंदणी)

पडद्यावर:
थेट सत्र: उन्हाळ कांदा, काढणी ते चाळ
रविवार, १ मार्च २०२६, संध्या. ७:३०
मोफत. मराठीत. मोबाइलवर.

निवेदिका: "खाली 'नाव नोंदवा' असं बटण आहे, ते दाबा. नाव, गाव आणि लागवडीची तारीख एवढंच भरा. तारीख नक्की भरा, कारण त्यावरूनच आम्ही प्रश्नांचे गट पाडणार आहोत. सत्राची लिंक त्याच दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर येईल. आणि रविवारी बसताना तुमच्या शेतातला एक कांदा पातीसकट उपटून जवळ ठेवा. मान कशी तपासायची ते सर तुमच्याच कांद्यावर करून घेणार आहेत."

क्लिपखालचा मजकूर

चाळ चांगली, तरी कांदा सडला? शेवटचा युरिया आणि शेवटचं पाणी आठवून बघा. येवल्याच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आणि त्याचं उत्तर, चार मिनिटांत. १ मार्चच्या मोफत सत्रासाठी 'नाव नोंदवा' दाबा. ज्यांच्या रानात आत्ता उन्हाळ कांदा उभा आहे, त्यांना आजच पाठवा. पाणी तोडायची वेळ निघून गेल्यावर पाठवलं, तर त्यांना या हंगामात उपयोग होणार नाही.