विषय: आष्टा मार्गावरील शाळेची बस – ना नफा ना तोटा आलेखाचा खुलासा (२४ एप्रिलच्या सभेसाठी)

मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त,

सप्रेम नमस्कार.

बसच्या प्रस्तावासोबत पाठवलेला आलेख पाहून तीन-चार विश्वस्तांचे फोन आले. प्रश्न बहुतेक एकच होता: "मागणी ५२ मुलांची आहे, मग तुम्ही ४० वरच का अडून बसलाय?" सभेत पुन्हा तिथूनच सुरुवात होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

आलेखात आडव्या रेषेवर मुलांची संख्या आहे, उभ्या रेषेवर वर्षाचे रुपये. हिरवी रेषा जमेची, निळी एकूण खर्चाची. हिरवी निळीला जिथे ओलांडते तिथे बस स्वतःच्या पायावर उभी राहते. एका बससाठी ती जागा ३४ मुलांवर येते.

हिशेब असा. मुलामागे महिना २,६०० रुपये, जून ते मार्च दहा महिने, म्हणजे वर्षाला २६,०००. त्यातले विमा, ओळखपत्र आणि पालकांच्या मोबाईलवर जाणारे संदेश यांचे १,००० वजा केले की हातात २५,००० राहतात. समोर बसचा वर्षाचा ठरलेला खर्च ८,५०,००० आहे: चालक आणि महिला मदतनीस यांचे बारा महिन्यांचे पगार ३,४८,०००, घसारा २,००,०००, डिझेल १,६२,०००, विमा-पासिंग-कर ७५,००० आणि देखभाल, टायर वगैरे ६५,०००. साडेआठ लाखांना पंचवीस हजारांनी भागले की ३४.

डिझेल मी ठरलेल्या खर्चात धरले याचे एका विश्वस्तांना नवल वाटले. पण बसमध्ये दहा मुले असोत की चाळीस, आष्ट्याच्या थांब्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचे २४ किलोमीटर काही कमी होत नाहीत. मूल वाढले म्हणून खर्च फारसा वाढत नाही, आणि मूल गळाले म्हणून कमीही होत नाही. म्हणून निळी रेषा जवळजवळ आडवीच दिसते. डिझेल लिटरमागे ५ रुपयांनी महागले तर वर्षाला ८,८०० रुपये जास्त जातील. एक सीट वर्षभर रिकामी राहिली तर २५,००० जातात. सभेत डिझेलच्या भावावर अर्धा तास जाईल याची मला खात्री आहे; तो वेळ रिकाम्या सीटवर घालवावा ही विनंती.

डिझेलबाबत एकच गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे: बस रात्री कुठे उभी राहते. चालक आष्ट्याचा घेतला आणि बस तिकडेच ठेवली तर दिवसाचे ४८ किलोमीटर होतात. बस शाळेच्या आवारात ठेवायची म्हटली, तर सकाळी रिकामी आष्ट्याला जाणार आणि संध्याकाळी रिकामी परत येणार. अंतर दुप्पट, डिझेलही दुप्पट. मग ३४ चा आकडा ४१ वर जातो आणि बसमध्ये सीट आहेत ४०. म्हणजे ती बस पूर्ण भरूनही तोट्यातच चालेल. चालकाच्या जाहिरातीत "आष्टा परिसरात राहणारा" ही अट म्हणूनच टाकली आहे. कृपया ती गाळू नये.

आता ५२ चा प्रश्न. आलेखात ४० च्या पुढे निळी रेषा एकदम भिंतीसारखी वर गेली आहे. ती छपाईची चूक नाही. एक्केचाळिसावे मूल घेतले की दुसरी बस, दुसरा चालक, दुसरी मदतनीस आणि दुसरा विमा लागतो. खर्च ८,९०,००० वरून थेट १७,४१,००० वर जातो. तिथून जमेची रेषा खर्चाला पुन्हा गाठते ती ६८ मुलांवर. थोडक्यात, ४० मुले नेली तर वर्षाला दीड लाख शिल्लक राहतात आणि ५२ नेली तर चार लाखांची खोट येते. बारा मुले वाढवून साडेपाच लाखांनी मागे जायचे, हा व्यवहार मी तरी सुचवणार नाही.

आणि ते ५२ सुद्धा फक्त फॉर्म आहेत. आष्टा २३, तुंग १२, कसबे डिग्रज ११, सांगलीवाडी ६. फॉर्म भरायला पैसे पडत नाहीत. सांगलीवाडीच्या पालकांना आष्ट्याइतकेच शुल्क द्यावे लागणार आहे, त्यामुळे ते सहाही येतील असे मी धरत नाही. जूनचे २,६०० आगाऊ घेतले की खरा आकडा आपोआप समोर येईल.

एका विश्वस्तांनी हिशेब तपासून कळवले की घसारा हा खिशातून जाणारा पैसा नाही, तो काढला तर २६ मुलांतही भागते. आकडा बरोबर आहे. पण २६ ते ३३ मुलांवर बस रोज चालेल, पगार होतील, टाकी भरेल, आणि बारा वर्षांनी नवी बस घ्यायची वेळ आली की खात्यात पुरेसे पैसे नसतील. आत्ताची बस २४ लाखांची आहे आणि ती संस्थेच्या ठेवीतून जाणार आहे. ती ठेव पुन्हा उभी करायची असेल तर ३४ हाच आकडा धरावा लागेल.

सवलतीबद्दल. भावंडांना अर्धे शुल्क ही कल्पना चांगली आहे, पण तिला मर्यादा हवी. ४० पैकी सहा मुले अर्ध्या शुल्काची असतील तर शिल्लक ७२,००० वर येते. मुले ३६ च आली आणि त्यात ही सहा असली, तर २८,००० चा तोटा. माझ्या मते जास्तीत जास्त चार, आणि तेही बस भरल्यावर.

पुराचा उल्लेख प्रस्तावात राहू नये असे काहींना वाटते. मला तो असावा असे वाटते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. २०१९ आणि २०२१ आपण सगळ्यांनी पाहिले आहे. अशा वेळी पंधरा दिवस बस उभी राहिली आणि पालकांनी अर्ध्या महिन्याचे शुल्क परत मागितले, तर पूर्ण भरलेल्या बसचे ५२,००० जातील. डिझेल वाचेल ते जेमतेम आठ-नऊ हजारांचे. शुल्क परत करायचे की नाही, हे प्रवेश-अर्जावरच छापावे. नंतर फाटकात उभे राहून ते ठरवणे कोणालाच जमत नाही.

उरलेल्या बारा मुलांसाठी ठेक्याने लहान गाडी घेता येईल. एका वाहतूकदाराने दहा महिन्यांसाठी दरमहा २८,००० सांगितले आहेत. बाराही मुले आली तर २०,००० उरतात, एक जरी गळाले तर पदरचे पाच हजार घालावे लागतात. गाडी शालेय वाहतुकीच्या परवान्याचीच हवी आणि मदतनीस त्याच दरात हवी. पहिल्या वर्षी हे नकोच, असे माझे मत आहे.

सभेत तीन ठराव हवेत: एकच बस, ४० ची मर्यादा आणि बाकीच्यांसाठी प्रतीक्षायादी; १५ मेपर्यंत पूर्ण शुल्काची किमान ३४ आगाऊ नोंदणी झाली तरच बसची ऑर्डर; आणि वर सांगितलेला पुराच्या काळातील शुल्काचा नियम. ३४ झाले नाहीत तर आगाऊ रक्कम आठवड्याभरात परत करू.

आलेख आणि तक्ता पुन्हा जोडला आहे. तक्त्यात शुल्काचा किंवा डिझेलचा आकडा बदलून पाहिला की आलेख आपोआप सरकतो. २२ तारखेपर्यंत दुपारी तीननंतर मी कार्यालयात आहे; ज्यांना समोर बसून आकडे पाहायचे असतील त्यांनी जरूर यावे.

आपला नम्र,
लेखाधिकारी