दाढ काढण्याआधी दुसरे मत घेण्याबाबत आणि खर्चाच्या तपशिलासाठी पत्र

दि. 14 जून 2025
सिडको, छत्रपती संभाजीनगर

प्रति,
मा. डॉक्टर मॅडम,
दंत दवाखाना, सिडको

विषय : फाईल क्र. 1147, उपचारांचे दाढनिहाय इस्टिमेट, एक्स-रे व तपासणीचे कागद मिळणे आणि 18 जूनची अपॉइंटमेंट पुढे ढकलणे.

सप्रेम नमस्कार.

सोमवारी, 9 जूनला आपण मला पाऊण तास दिला. आरव्हीजी आणि ओपीजी काढले, स्क्रीनवर उजव्या दाढेच्या मुळाशी मसुराच्या दाण्याएवढी काळसर सावली दाखवली आणि तिथे आतून पू धरला आहे हे समजावून सांगितले. पाच दिवसांच्या गोळ्या काल संपल्या. हिरडीवरची पुळी बसली आहे, पण बोटाने दाबले की अजून दुखते. भाकरी दुधात कुस्करूनच खातो आहे.

आपण सुचवलेले उपचार मला समजले ते असे. खालची उजवी 46 नंबरची दाढ काढायची, हाड भरायचे आणि पुढे तिथे इम्प्लांट बसवायचे. डावीकडे 36 ला रूट कॅनॉल करून कॅप. वरच्या 26 ला सिमेंट. आणि चारही बाजूंच्या हिरड्यांची खोलवर सफाई. या सगळ्याचा आकडा चिठ्ठीच्या मागे एकाच ओळीत लिहून मिळाला : 1,18,000 रुपये. त्या दिवशी भरलेल्या 5,000 रुपयांच्या पावतीवरही फक्त 'ट्रीटमेंट अ‍ॅडव्हान्स' एवढेच आहे.

मॅडम, मी 34 वर्षे वीज खात्यात नोकरी केली आणि त्यातली निम्मी इस्टिमेट करण्यात गेली. खांब किती, तार किती मीटर, मजुरी किती हे वेगवेगळे मांडल्याशिवाय आम्ही कागद वर पाठवत नव्हतो. आपला दर जास्त आहे असे मला म्हणायचे नाही, कारण दर कशाचा आहे हेच मला अजून कळलेले नाही. पेन्शनमधून एवढी रक्कम काढायची तर कोणते काम आधी आणि कोणते नंतर हे ठरवावे लागेल, आणि एका आकड्यावरून ते ठरवता येत नाही.

म्हणून विनंती आहे की दवाखान्याच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, प्रत्येक दाढेचा खर्च वेगळा लिहून द्यावा. इम्प्लांटच्या बाबतीत स्क्रू, त्यावरचा जोड आणि कॅप या तिन्हींची किंमत वेगळी असावी आणि कंपनीचे नाव असावे. हाडाची पावडर व पडदा नक्की लागणारच आहे, की दाढ काढल्यावर बघून ठरणार? तसे असेल तर 'लागल्यास इतके' असे लिहावे. सीबीसीटी स्कॅन करावा लागेल का आणि तो या रकमेत धरला आहे का, तेही कळवावे. 36 ची कॅप झिर्कोनियाची की मेटल-सिरॅमिकची, दोन्हींचे दर आणि वॉरंटी किती वर्षांची. इम्प्लांट हाडात धरला नाही, तर पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाकडे, हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण आत्ताच विचारलेला बरा. शेवटी, कोणते काम लगेच करायला हवे आणि कोणते सहा महिने थांबले तरी चालेल, हा क्रम आपल्या हाताने लिहिलेला असावा.

रिसेप्शनवर मला सांगितले गेले की बुधवारपर्यंत निम्मी रक्कम भरली तर 10,000 रुपये कमी होतील. शरीराच्या अवयवाचा निर्णय मुदतीच्या सवलतीवर घ्यायला माझे मन धजत नाही. सवलत द्यायचीच असेल तर ती इस्टिमेटमध्ये धरावी आणि ते इस्टिमेट निदान महिनाभर कायम ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. 46 काढण्यापूर्वी मला दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे आहे. या दाढेचे रूट कॅनॉल 2014 साली जालन्याला झाले होते आणि त्यावर धातूची कॅप आहे. अकरा वर्षे तिने साथ दिली. जुने रूट कॅनॉल उघडून पुन्हा करता येते, किंवा मुळाच्या टोकाशी छोटी शस्त्रक्रिया करून दाढ राखता येते, असे मी ऐकले आहे. माझ्या दाढेत ते शक्य नसेल, मूळ तडकले असेल किंवा हाड फार गेले असेल, तर तसे कारण लिहून मिळावे. एकदा काढलेली दाढ परत बसत नाही, एवढीच माझी भीती आहे.

36 बद्दलही एक शंका आहे. आपण गार बोळा लावला तेव्हा कळ आली, पण बोळा काढताच थांबली. रात्री ती दाढ दुखत नाही, गरम चहाने काही होत नाही. अशा दाढेला रूट कॅनॉलच हवे की आधी कीड काढून सिमेंट भरून पाहता येईल, हे मला समजून घ्यायचे आहे.

यासाठी मी पुढच्या आठवड्यात घाटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवायला जाणार आहे. तिथे पुन्हा तेच एक्स-रे काढावे लागू नयेत म्हणून ओपीजी व आरव्हीजीच्या मूळ फाईल ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर द्याव्यात. स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो माझ्याकडे आहे, पण त्यात मुळाचे टोक पुसट दिसते. हिरड्या मोजताना आपण 'चार, पाच, तीन' असे आकडे सांगत होतात आणि ताई लिहून घेत होत्या. त्या तक्त्याची प्रतही हवी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसरे मत घेणे आणि आपले कागद मिळणे हे दोन्ही हक्क आहेत. सनदेचा उल्लेख आपल्यावर दडपण आणायला करत नाही. कागद देणाऱ्या ताईंना 'देता येतात का' असा प्रश्न पडू नये म्हणून केला.

घाईत फाईलमध्ये राहून गेले असेल म्हणून पुन्हा कळवतो. मला मधुमेह आहे, मे महिन्यातला एचबीएवनसी 7.9 आला. 2021 मध्ये स्टेंट बसवला आहे आणि रोज अ‍ॅस्पिरिन 75 चालू आहे. ती मी माझ्या मनाने बंद करणार नाही. दाढ काढायची ठरली तर हृदयाच्या डॉक्टरांसाठी आपली चिठ्ठी लागेल. या साखरेवर इम्प्लांट करावा की आधी साखर खाली आणावी, हेही लिहावे.

तोपर्यंत बुधवार, 18 जूनची अपॉइंटमेंट पुढे ढकलावी. मात्र गालावर सूज आली, ताप आला किंवा तोंड उघडेना झाले तर मी दुसऱ्या मताची वाट न पाहता त्याच दिवशी आपल्याकडे येईन. याशिवाय आणखी कोणत्या लक्षणांवर थांबू नये, ते कृपया फोनवर सांगावे.

5,000 रुपये सध्या जमा राहू द्यावेत. त्यातून तपासणी आणि एक्स-रेचे किती धरले, तेवढी पावती वेगळी करून द्यावी. कागद तयार झाले की फाईलवरच्या नंबरवर कळवावे, मी सकाळी अकराच्या आत स्वतः येऊन घेऊन जाईन. दोन्ही मते हातात आल्यावर आपल्यासमोर बसून बोलायचे आहे, त्यासाठी 30 जूननंतरची पंधरा मिनिटांची वेळ द्यावी. तिची फी असेल तर ती देईन.

आपला पेशंट,
दिगंबर
फाईल क्र. 1147

सोबत : 9 जूनच्या पावतीची आणि चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, मे महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट.