तिसऱ्या उमेदवाराचं मत

14 फेब्रुवारी 2022 रोजी पणजीत मतदानाला निघताना माझी काकू म्हणाली, "तो मनीस बरो, पूण निवडून येवपाचो ना." मनापासून पटलेला उमेदवार तिच्या हिशेबात तिसरा होता, म्हणून तिने बटण दुसऱ्याचं दाबलं. फ्रेंच अभ्यासक मॉरिस दुव्हर्जे याने 1951 मध्ये मांडलेला नियम अशाच हिशेबावर उभा आहे: एका मतदारसंघातून एकच उमेदवार, सर्वाधिक मतं घेणारा, निवडून येत असेल तर राजकारण दोन पक्षांकडे झुकतं.

त्याने दोन कारणं सांगितली. पहिलं मोजणीतलं. 2022 मध्ये गोव्यात भाजपला सुमारे 33 टक्के मतं आणि 40 पैकी 20 जागा मिळाल्या. तृणमूलला पाच टक्क्यांहून थोडी जास्त मतं मिळूनही एकही जागा नाही, तर दोन टक्क्यांहून कमी मतांच्या गोवा फॉरवर्डला एक जागा, कारण त्यांची मतं फातोर्ड्यात एकवटली होती. म्हणजे ही पद्धत सगळ्याच लहान पक्षांना चिरडत नाही, विखुरलेल्यांना चिरडते. दुसरं कारण मनातलं, माझ्या काकूचं. पहिल्या कारणाची जाण आली की मतदार आपणहून तिसऱ्याला सोडतो. देणगीदार आणि कार्यकर्ते तर त्याच्याही आधी सोडतात.

नियम नेमका कुठे लागू पडतो, हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. तो मतदारसंघात लागू पडतो, विधानसभेत आपोआप नाही. पणजीतली खरी लढत भाजप आणि अपक्ष उत्पल पर्रीकर यांच्यात झाली. फरक 716 मतांचा, काँग्रेस बरीच मागे. स्पर्धक दोन उरले, पण त्यातला एक पक्षच नव्हता. शेजारच्या मतदारसंघात ही जोडी वेगळी असू शकते, आणि अशा चाळीस जोड्यांची बेरीज केली की विधानसभेत पाच-सहा पक्ष दिसतात. भारतभर हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. देशात पक्ष खूप आहेत म्हणून नियम खोटा ठरला, असं म्हणणं घाईचं आहे.

तो खरोखर अडतो ते डिचोलीसारख्या ठिकाणी. तिथे अपक्ष जिंकला, महाराष्ट्रवादी गोमंतक म्हणजे मगो पक्ष दुसरा आणि भाजप तिसरा आला. तिसरा कोण हे मतदानाआधी कळत नसेल तर सोडायचं कोणाला? काकूचा हिशेब त्या माहितीवाचून मांडताच येत नाही.

शिवाय कोणते दोन उरतील हे पद्धत ठरवत नाही. 1963 च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही या प्रश्नावर गोवा दुभंगला होता, म्हणून विलीनीकरण हवं असलेला मगो आणि नको असलेला युनायटेड गोवन्स पक्ष समोरासमोर उभे राहिले. देशावर राज्य करणाऱ्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही.

प्रमाणशीर पद्धतीत एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडले जातात आणि जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. पोर्तुगालमध्ये 2015 साली लिस्बनला 47 जागा होत्या. देशभरात दीड टक्क्याहून कमी मतं मिळवलेल्या एका लहान पक्षाने तिथूनच आपला एक खासदार निवडून आणला. पोर्तालेग्रेला मात्र दोनच जागा. त्या दोन मोठ्यांमध्येच वाटल्या गेल्या. देश तोच, कायदा तोच, तरी मतदारसंघ लहान झाला की प्रमाणशीरपणा संपतो. म्हणून अनेक पक्ष टिकतात ते "प्रमाणशीर" या नावामुळे नव्हे, तर एका मतदारसंघात किती जागा आहेत यामुळे. त्याच निवडणुकीत, मडगावच्या घराण्यातले आंतोनियो कॉस्ता यांचा पक्ष दुसरा आला, तरी डाव्या लहान पक्षांच्या पाठिंब्यावर ते पंतप्रधान झाले. तिथे तिसऱ्या-चौथ्याला दिलेलं मत सरकार ठरवण्यापर्यंत पोहोचलं.

एक आक्षेप गंभीर आहे: पद्धत पक्ष घडवते की पक्षच पद्धत निवडतात? बेल्जियमने 1899 मध्ये प्रमाणशीर पद्धत घेतली तेव्हा पक्ष आधीच दोनाहून अधिक झाले होते, आणि समाजवाद्यांच्या वाढीमुळे उदारमतवादी चिरडले जात होते. पण न्यूझीलंडमध्ये 1993 च्या सार्वमतानंतर प्रमाणशीर पद्धत आली आणि 1996 च्या संसदेत सहा पक्ष आले. मला वाटतं कारण दोन्ही दिशांनी वाहतं. मात्र एकदा स्वीकारलेली पद्धत पुढच्या पिढीच्या मतदारांच्या सवयी घडवते.

म्हणूनच 2022 चीच मतं घेऊन संपूर्ण गोवा एकच मतदारसंघ मानला तर तृणमूलला दोन जागा मिळाल्या असत्या, हे गणित सोपं असलं तरी फसवं आहे. त्या मतांत काकूचं मतही आहे, आणि पद्धत वेगळी असती तर तिने ज्याचं बटण दाबलं त्याला ते दिलंच नसतं.